दोन स्वल्पविराम

सोसायटीचा ताळेबंद असो की पेपरातली कुठल्या पुलाच्या खर्चाची बातमी, सहा-सात आकड्यांच्या पुढची रक्कम दिसली की माझं बोट आपोआप तिच्या उजव्या टोकाला जातं. तिथून मी एकं, दहं, शतं करत डावीकडे सरकते. ओठही हलतात म्हणे. सून हसते. तिला वाटतं, सासूबाईंना वयामुळे आकडे कळेनासे झाले. मी तिला सांगत नाही की आकडे मला तरुणपणीच कळत नव्हते, आता कुठे कळतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. मी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, वाल्व्हचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपनीत टायपिस्ट होते. खाली लेथ मशीनं, वर पोटमाळ्यावर ऑफिस. कारखान्यातले तीसेक कामगार आणि ऑफिसात आम्ही तिघं: साहेब, हिशेब सांभाळणारे अण्णा आणि मी. साहेब स्वतः इंजिनीअर. लेथवर उभं राहून वर आलेले, त्यामुळे बोटांना कायम ऑइलचा वास. अण्णा मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले, आयुष्य चोपड्यांवर वाकण्यात गेलेलं. आणि मी, मिनिटाला साठ शब्द टाइप करणारी आणि ते सगळ्यांना सांगणारी.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. सहा महिने बघू, मग कायम करू, असं साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि ते सहा महिने त्याच महिन्यात भरत होते. घाटकोपरच्या आमच्या घरात वडील गिरणी बंद पडल्यापासून घरीच बसलेले. मी सकाळी निघाले की ते दारापर्यंत येत, संध्याकाळी वाट बघत दारात उभे राहत आणि पगाराच्या दिवशी जरा लवकर येत. मी नोकरीला लागल्यावर त्यांनी एकदाच विचारलं होतं, कायमचं पत्र कधी देतात. मी म्हटलं, देतील, माझ्यासारखी टायपिस्ट त्यांना कुठे मिळणार.

पण या गोष्टीत खरं काय पणाला लागलं होतं ते माझं नव्हे, साहेबांचं. इंग्लंडची एक वाल्व्ह बनवणारी कंपनी आमच्याकडून माल घ्यायला तयार झाली होती. तेवढा माल काढायचा तर नवीन मशीन हवं. साहेबांनी मुलुंडचा राहता फ्लॅट बँकेकडे तारण ठेवून कर्जाचा पहिला हप्ता उचलला आणि तो मशीनवाल्याला आगाऊ देऊन टाकला. उरलेलं कर्ज बँक देणार होती ती सही झालेला करारनामा बघून. करारनाम्यात एक कलम होतं, की तीन वर्षांत इंग्लंडवाले आमच्याकडून किमान सव्वा कोटी रुपयांचा माल घेतील, न घेतला तरी तेवढ्याचे पैसे देतील. बँकेचं कर्ज त्या एका कलमावर उभं होतं. ते कलम नसतं तर कर्ज नाही, मशीन नाही, आगाऊ दिलेले पैसे बुडीत आणि फ्लॅट बँकेचा. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, कारण साहेबांना काही लपवून ठेवता येत नसे. जेवणाच्या डब्यावर ते सगळं बोलून टाकत.

करारनाम्याचा मसुदा इंग्लंडहून आला. पैसे त्यांच्या मुंबईतल्या शाखेकडून मिळायचे होते म्हणून रकमा रुपयांतच होत्या, पण मांडणी त्यांच्या चालीची. आपण उजवीकडून पहिले तीन आकडे सोडून स्वल्पविराम देतो आणि पुढे दोन-दोन आकड्यांवर देत जातो. ते सगळीकडे तीन-तीनवर देतात. आपले पंचवीस लाख आपण २५,००,००० असे लिहितो, त्यांचे ते अडीच मिलियन, २,५००,०००. आकडे तेच, शून्यं तेवढीच, फक्त स्वल्पविराम सरकलेले. मसुद्याच्या मागे जी परिशिष्टं जोडायची होती, दरपत्रक वगैरे, ती आमच्या अण्णांनी केलेली. त्यात सगळं लाखाच्या चालीने. म्हणजे पुढची दहा पानं विलायती आणि मागची चार देशी.

अण्णांना ते खपलं नाही. एका करारनाम्यात दोन चाली नकोत, बँकेचा मॅनेजर गोंधळेल, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी इंग्लंडला विचारलं, त्यांनी हरकत नाही कळवलं. तेव्हा ठरलं की मी सबंध करारनामा नव्याने टाइप करायचा आणि सगळ्या रकमा आकड्यांत आणि अक्षरांत आपल्या चालीने आणायच्या. मसुद्यात एक नेहमीचं कलमही होतं: आकडे आणि अक्षरं यांत फरक पडला तर अक्षरं खरी धरायची.

मी अण्णांना विचारलं, हे मिलियन झटपट कसे वाचायचे. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तीस वर्षांच्या अनुभवातून मला एक युक्ती दिली. दोन स्वल्पविराम दिसले की लाख, तीन दिसले की कोटी. आपल्या चोपडीत हे शंभर टक्के खरं आहे. आपल्याकडे दोन स्वल्पविरामांची रक्कम लाखाच्या खाली नसते आणि कोटीला पोचत नाही. मला युक्ती आवडली. डोकं न चालवता हात चालवता येईल अशी कुठलीही गोष्ट टायपिस्टला आवडते.

आणि युक्ती चालली हो. २,५००,००० ला दोन स्वल्पविराम, म्हणजे लाख, पंचवीस लाख. बरोबर. एका ठिकाणी ३७५,००० होते, एकच स्वल्पविराम. अण्णा हसले, म्हणाले, तीनशे पंचाहत्तर हजार म्हणे, असं कोण बोलतं. आम्ही त्याचे पावणेचार लाख केले. तेही बरोबर. सहाव्या कलमात दंडाची कमाल रक्कम होती, म्हणजे आम्ही माल उशिरा दिला तर ते जास्तीत जास्त किती कापून घेतील ती. १,२५०,०००. दोन स्वल्पविराम, लाख, साडेबारा लाख. मी टाइप केलं १२,५०,०००, अक्षरी बारा लाख पन्नास हजार फक्त. हेही बरोबर.

दोन पानांनंतर नववं कलम आलं. किमान खरेदीचं. १२,५००,०००. दोन स्वल्पविराम, म्हणजे लाख. सुरुवात बारापासून, म्हणजे बारा लाख. पुढे पाच. माझ्या बोटांनी ती रक्कम नुकतीच टाइप केलेली होती. मी डोळा न हलवता छापलं, १२,५०,०००, अक्षरी बारा लाख पन्नास हजार फक्त, आणि पुढच्या ओळीवर गेले.

यात कुणाला वाटेल की माझं लक्ष नव्हतं. होतं. मी त्या पानावर एकही खाडाखोड केली नाही, पांढरा रंग एकदाही लावावा लागला नाही, आणि याचा मला अभिमान वाटल्याचं अजून आठवतं. ती युक्ती त्यांच्या चालीत दहा लाखांपासून एक कोटीच्या आतपर्यंत बरोबर येते. त्यांच्याकडे दोन स्वल्पविराम हजार मिलियनच्या अलीकडेपर्यंत दोनच राहतात, तिसरा येतच नाही. आपली रक्कम कोटीत गेली की युक्ती फसते. आणि त्या सबंध करारनाम्यात कोटीत गेलेली रक्कम ती एकच होती.

मग ताळा घ्यायचा. आमच्याकडे पद्धत अशी, की एकाने नवीन प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने जुन्या मसुद्यावर पेन्सिल फिरवत ऐकायचं. मी वाचलं, अण्णांनी ऐकलं. नवव्या कलमाला मी खणखणीत आवाजात बारा लाख पन्नास हजार म्हटलं. अण्णांच्या पेन्सिलीखाली १२,५००,००० होतं. दोन स्वल्पविराम. त्यांनी बरोबरची खूण केली. ताळा चुका पकडतो, पण दोघांनी मिळून एकच चूक केली तर तो बिचारा काय करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्लंडचा पाहुणा आला. उंच, घामेजलेला, सभ्य माणूस. साहेबांनी लेथ दाखवले, मी चहा आणि खारी बिस्किटं दिली. साहेबांनी प्रत्येक पानावर छोटी सही केली, पाहुण्याने केली, शेवटी दोघांनी पूर्ण सह्या केल्या, दोन्ही प्रतींवर. त्यांनी नववं कलम वाचलं असेल का, असं मी नंतर खूपदा मनाशी विचारलं. मला वाटतं, सव्वा कोटी हा आकडा त्यांच्या डोक्यात इतका पक्का बसला होता, की कागदावर काय आहे ते त्यांना दिसलंच नाही. पाहुणा आपली प्रत घेऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात गेला. संध्याकाळच्या विमानाने तो दिल्लीला आणि तिथून मायदेशी जाणार होता. साहेबांनी खाली कामगारांना पेढे वाटायला सांगितले.

आता एकच काम राहिलं होतं. करारावर सह्या झाल्या, असं त्यांच्या मुख्य ऑफिसला टेलेक्सने कळवायचं, मुख्य रकमांसह. आमच्याकडे टेलेक्सचं मशीन, इकडे टाइप केलेलं तिकडे कागदावर उमटवणारं, नव्हतं. इस्टेटीच्या दारापाशी एक छोटी खोली होती, तिथे पैसे देऊन टेलेक्स पाठवता येई. ते मशीन चालवणाऱ्या बाई मरोळ गावठाणातल्या, ख्रिस्ती, पन्नाशीच्या. त्यांच्या घरची शेती गेली होती ती याच इस्टेटीखाली, असं त्या हसत सांगत. घरचं मराठी त्यांचं वेगळं, पण आमच्याशी आमच्यासारखंच बोलत, मध्येच त्यांचं "गो" डोकावायचं.

मी त्यांना मजकूर दिला. त्यांनी आधी तो कागदी पट्टीवर भोकं पाडून घेतला, कारण लाइन लागल्यावर मिनिटाचे पैसे पडतात. त्यांची एक सवय होती, तारखात्यातली, जुनी. आकड्यांमधले स्वल्पविराम त्या पाठवतच नसत. लाइन खराब असली तर चिन्हांचं काहीही होतं, म्हणत. आणि मजकूर संपला की शेवटी त्या सगळे आकडे पुन्हा एकदा ओळीने पाठवत, म्हणजे पलीकडच्याने ताळा घ्यावा. आलेल्या टेलेक्सांतही शेवटी तशीच ओळ असे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जुन्या टेलेक्सांच्या प्रती त्या तारेला अडकवून ठेवत.

त्यांनी शेवटची आकड्यांची ओळ पंच केली, मग तारेवरून आम्हाला पंधरा दिवसांपूर्वी इंग्लंडहून आलेला टेलेक्स काढला आणि दोन्ही ओळी शेजारी शेजारी धरल्या. मी पेढा खात होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मागल्या टेलेक्सात हा आकडा आठ घरांचा होता. आज सात घरांचा कसा झाला गो?"

मी म्हटलं, काही नाही, त्यांची चाल वेगळी, आम्ही ती आपल्या चालीत आणली. त्या म्हणाल्या, चाल बदलली तर स्वल्पविराम हलतो, घर कसं कमी होईल.

जुन्या टेलेक्सातला, स्वल्पविराम नसलेला तो आकडा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. १२५०००००. मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि शाळेतल्यासारखं उजवीकडून म्हणत गेले. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष. आणि माझं बोट संपलं नाही. अजून एक आकडा उरला होता. कोटी.

हातातला अर्धा पेढा मी कागदात ठेवून दिला. सव्वा कोटीच्या जागी साडेबारा लाख, आणि तेही अक्षरी, आणि अक्षरं खरी धरायची असं त्याच करारात लिहिलेलं, आणि त्यावर चार सह्या. साहेबांचा फ्लॅट मी टाइप करून घालवला होता. वाट लागली, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

खोटं कशाला बोलू, गप्प बसायचाही विचार आला. इंग्लंडवाले खोटं बोलणार नाहीत, त्यांच्याकडे मसुदा आहे, त्यांच्या लक्षात आलं की तेच दुरुस्त करतील. बँकेच्या लक्षात आलं तर तेव्हा बघू. तोवर मी कायम झालेली असेन. हे सगळं मनात यायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. बाईंनी पट्टी मशीनमध्ये घातली नव्हती. ती हातात गुंडाळून त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मी हे पाठवत नाय," त्या म्हणाल्या. "जा, तुझ्या साहेबाला सांग. तुझा पाहुणा अजून गावात हाय."

मी जिना चढून वर गेले. साहेब आणि अण्णा चहा पीत होते. मी दारातच उभं राहून सांगितलं, नवव्या कलमात माझी चूक झाली आहे, सव्वा कोटीचे मी साडेबारा लाख केले आहेत. मग मला जे सुचलं ते भराभर सांगत सुटले, स्वल्पविराम, मिलियन, टेलेक्स. साहेब उठले, करारनामा काढला, नववं कलम उघडलं. त्यांचा चेहरा बघवला नाही. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अण्णांनी मसुदा ओढून घेतला आणि पेन्सिलीने केलेली स्वतःची खूण बघितली. ते खुर्चीत मागे टेकले. "ती युक्ती माझी," ते म्हणाले. "चेडवाक कित्याक बोलतास? ताळो मी घेतलंय." पोरीला कशाला बोलता, म्हणत होते. साहेबांनी मला अजून दोष दिलाच नव्हता, पण अण्णांनी आधीच मध्ये हात घातला. पन्नाशीतला, नोकरी सुटली तर दुसरी मिळणार नाही असा तो माणूस. मला रडू आलं आणि मी ते त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं येऊ दिलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. पाहुणा चारला हॉटेल सोडणार होता. त्यांनी हॉटेलला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. त्या काळातला फोन, तो अडचणीच्या वेळी हमखास मेलेलाच असायचा. मी म्हटलं, आज नाही जमलं तर पत्राने कळवू. साहेब म्हणाले, आजचा माणूस सज्जन आहे, उद्या त्याच्या खुर्चीवर दुसरा बसला तर? आणि मग एवढंच म्हणाले, "पान पुन्हा टाइप कर. दोन प्रती. घाई करू नकोस."

घाई करू नकोस. मी आयुष्यात इतकं सावकाश कधी टाइप केलं नाही. मिनिटाला साठ शब्द म्हणून मिरवणारी मी, एकेक कळ बघून दाबत होते. अण्णा शेजारी उभे राहून प्रत्येक शून्याला मान हलवत होते. १,२५,००,०००, अक्षरी एक कोटी पंचवीस लाख फक्त. त्याच्या शेजारी कंसात, साहेबांच्या सांगण्यावरून, साडेबारा मिलियन. मग मी बोट ठेवून एकं, दहं केलं, अण्णांनी केलं, साहेबांनी केलं. तिघांचंही कोटीवर संपलं.

साहेबांनी मलाही गाडीत बसायला सांगितलं, चूक कशी झाली ते मीच सांगावं म्हणून. अंधेरी-कुर्ला रोडवर नेहमीसारखे ट्रक अडकलेले. मी मांडीवर फायलीत ती दोन पानं धरून बसले होते आणि पुढच्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय ते पुन्हा पुन्हा वाचत होते. साहेब वाटेत एकच वाक्य बोलले. म्हणाले, बायकोला अजून सांगितलं नाहीये मी, फ्लॅटचं. घरच्या माणसालाच ते माहीत नव्हतं आणि आम्हाला होतं, हे ऐकून मी आणखी खचले.

पाहुणा हॉटेलच्या खाली सामानाशेजारी बसला होता. साहेबांनी त्याला बाजूला नेलं आणि मी माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगायला लागले. आमच्याकडे दोन स्वल्पविराम म्हणजे लाख. मी कागदावर दोन्ही चाली एकाखाली एक लिहून दाखवल्या. त्याने बॅगेतून आपली प्रत काढली, नववं कलम बघितलं, मग वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली रक्कम बघितली आणि कपाळाला हात लावला. तो म्हणाला, सकाळी मला ते स्वल्पविराम चमत्कारिक दिसले, पण मला वाटलं तुमच्याकडे असेच असतात, म्हणून मी शून्यं मोजलीच नाहीत. म्हणजे तोही आमच्यातलाच निघाला. माझा वेग, अण्णांचा ताळा, साहेबांची खात्री आणि त्याची सभ्यता, चौघांनी मिळून ती रक्कम एक-दशांश केली होती आणि कुणालाही काही वाईट करायचं नव्हतं.

त्याने नव्या पानांवर सही केली. साहेबांनी केली. जुनी पानं काढून नवी लावली. पाहुण्याने मग खिशातून पेन्सिल काढली आणि त्या रकमेवर उजवीकडून टोक टेकवत मोजलं, ओठ हलवत, माझ्यासारखंच. आठ झाले. तो माझ्याकडे बघून हसला आणि मला वाटलं, याच्या पाया पडावं. इतकं हलकं मला त्यानंतर मुलगा झाला तेव्हाच वाटलं.

परत येताना साहेब गाडी चालवता चालवता शीळ घालत होते. ते वाईट शीळ घालतात हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. इस्टेटीच्या दारात त्यांनी गाडी थांबवली, स्वतः उतरून टेलेक्सच्या खोलीत गेले आणि बाईंना पेढ्याचा अख्खा पुडा दिला. बाईंनी तो बाजूला ठेवला, आधी आकडा मागितला. मी सांगितला, त्यांनी नवी पट्टी पाडली, शेवटी आकड्यांची ओळ घातली, जुन्या टेलेक्सशेजारी धरून बघितली, आणि मग कुठे पट्टी मशीनला लावली. पाच मिनिटांत तिकडून पोच आली. त्यांच्या ओळीतही आठ घरं होती.

बँकेचं कर्ज झालं. मशीन आलं, ते आणताना पोटमाळ्याचा कठडा तुटला, तो तसाच राहिला. अण्णांनी युक्ती सोडली. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एक चिठ्ठी आली: स्वल्पविराम मोजू नये, घरं मोजावीत. साहेबांनी नवा नियम केला, लाखाच्या वरची प्रत्येक रक्कम ताळ्याला उजवीकडून एकं-दहं म्हणून वाचायची, मोठ्याने. खालच्या कामगारांना वाटे, वर शाळा भरते.

महिना संपला. कायमच्या पत्राचं विचारायचं मला तोंड नव्हतं. पगाराच्या दिवशी साहेबांनी मला बोलावून लिहून घ्यायला सांगितलं. मी वही-पेन्सिल घेतली. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की हे पत्र माझंच आहे. नोकरी कायम केल्याचं. मी मान खाली घालून लिहीत राहिले. पगाराच्या जागी ते थांबले, म्हणाले, अकराशे पन्नास, आकडी आणि अक्षरी, आणि सांभाळून गं, इंग्लंडवाल्यांच्या चालीत किती होतात ते बघ.

मी टाइपरायटरवर जाऊन बसले आणि ते खरंच बघितलं. १,१५०. आपल्या चालीत स्वल्पविराम तिथेच, त्यांच्याही चालीत तिथेच. हजारांपर्यंत दोन्ही चाली अगदी एक आहेत, भांडण लाखापासून पुढचं. तरी मी बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हटलं, एकं, दहं, शतं, सहस्र. शेजारून अण्णांनी बरोबरची खूण केली.

त्या संध्याकाळी वडील नेहमीपेक्षा लवकर दारात आले होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी पत्र दिव्याखाली धरलं, आकडा शोधला आणि त्यावर बोट ठेवून उजवीकडून मोजायला लागले.